खरखऱ्याचा लोखंडी हात

"दात काढा म्हनू लालीस व्हय? आन् मंग राक्षसानं काय हिरड्यानं घाबरवावं का लेकरायला?"

"तसं नाही हो काकू. दात राहू द्या, पण जरा कमी करा. आणि पहिल्याच भागात बकरी मारायची काही गरज होती का? मला तीन आयांचे फोन आले. एकीचा मुलगा रात्री बाथरूमला एकटा जाईना झालाय."

"कोन्या वर्गातला?"

"चौथीतला."

"चौथीतला घोडा, आन् एकला जाईना! बरं झालं की. मनजे वाचलं त्यानं. मराठीत लिवलेलं एवढं मन लावून कव्हा वाचलं होतं त्यानं?"

मृण्मयीनं ओढणीवर उडालेलं पीठ झटकलं. पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी हैदराबादेत आलेली ही पोरगी चिक्कडपल्लीच्या मराठी मंडळात दर रविवारी मुलांचा वर्ग घ्यायची आणि त्यांच्यासाठी चार पानांचा अंक झेरॉक्स करून वाटायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन रविवारची एक धाडसाची गोष्ट छापायची ठरली, तेव्हा कुणीतरी तिला सांगितलं की अंबरपेठेत एक बाई आहे, पिठाची चक्की चालवते आणि पोरांना गोष्टी सांगते. म्हणून ती अंबरपेठेत आली आणि चतुराबाईच्या तावडीत सापडली.

पहिला भाग परवाच्या रविवारी वाटून झाला होता. आज बुधवार. दुसऱ्या भागाचे कागद शुक्रवारी हातात पाहिजेत, असं बजावायला ती ऑफिसातून रिक्षा करून आली होती. चतुराबाईनं बोलण्यासाठी मोटार बंद केली होती आणि पट्टा अजून सुस्त फिरत होता.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, की तो शेवटी चांगला निघतो?" मृण्मयी म्हणाली. "मग आत्ताच निघू दे. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच. सगळ्यांचा जीव भांड्यात पडेल."

"सुरुवातीलाच निघाला तर पुढची दोन पानं पोरायनं काय चाटायची? तू जा. मला गहू टाकू दे."

ती गेली. चतुराबाईनं मोटार चालू केली खरी, पण तिचं लक्ष गव्हात नव्हतं. आयांचे फोन गेले खड्ड्यात. तिला दुसरीच गोष्ट खात होती, आणि ती तिनं मृण्मयीला सांगितली नव्हती.

चतुराबाई देगलूरकडची. सातवी झालेली. लग्न होऊन हैदराबादेत आली त्याला आता तीस वर्षं होत आली होती. नवरा हिम्मतराव मोटारी बांधायचा, म्हणजे जळालेल्या मोटारींची तार उकलून नवी गुंडाळायचा. त्यातल्याच एका मोटारीवर ही चक्की उभी राहिली. गोष्टी सांगायचं कारण मात्र साधं होतं. गल्लीतली पोरं गव्हाचे डबे घेऊन यायची, दळण होईस्तोवर थांबायची आणि थांबली की त्यांचे हात फिरत्या पट्ट्याकडं जायचे. एकदा एकीच्या फ्रॉकचं टोक पट्ट्यानं ओढून घेतलं. त्या दिवसापासून चतुराबाईनं पोरांना पलीकडच्या पोत्यांवर बसवून गोष्टी सांगायला सुरुवात केली. गोष्ट रंगली की हात आपोआप मांडीवर राहायचे. ढिली पडली की पट्ट्याकडं सरकायचे. गोष्ट कुठं बिघडली हे तिला कोणी सांगावं लागत नसे. नजर पट्ट्यावर ठेवली की कळायचं.

त्यातूनच ती राक्षस करायला शिकली. पहिला राक्षस तिनं एका दमात सांगून टाकला होता, शिंगं इतकी, डोळे असे, पोट एवढं. पोरांनी शिंगं मोजली आणि हसायला लागली. मग तिच्या ध्यानात आलं की अख्खा दाखवला की राक्षस संपला. म्हणून ती आधी त्याचा आवाज आणायची. मग वास. मग तो जाऊन गेल्यावर मागं काय उरलं ते. मग एखादा हात, तोही कोपरापर्यंत. बाकीचा राक्षस पोरं आपापल्या घरी जाऊन पुरा करायची, आणि ज्याला ज्याचं भ्याव वाटतं त्याचंच तोंड त्याला लावायची.

आवाजही पोरांच्या कानातला पाहिजे. वाऱ्याचं घोंघावणं, कोल्ह्याची कुई असलं काही अंबरपेठेतल्या पोरानं ऐकलेलं नसतं. ह्या खेपेला तिला हवा तसा आवाज दारातच सापडला.

गल्लीला एक दिवसाआड पहाटे पाणी यायचं. पाणी सोडणारा लाइनमन यादगिरी, पन्नाशीचा, काळा, हाडकुळा, तोंडात कायम तंबाखू. जमिनीतल्या व्हॉल्व्हला लावायची त्याची चावी म्हणजे कमरेएवढी लोखंडी कांब, वर आडवी दांडी. ती उचलून चालायचा त्याला कंटाळा. तो ती रस्त्यावरून ओढत आणायचा. पहाटेच्या शांततेत तो आवाज गल्लीच्या तोंडापासून सुरू व्हायचा. खर्र. थांब. खर्र. झोपेतल्या पोरांच्या अंगावर काटा यायचा आणि आया म्हणायच्या, झोप, नाहीतर चावीवाला येतो.

बस्स. चतुराबाईनं तो आवाज उचलला आणि राक्षसाला दिला. नाव ठेवलं खरखऱ्या. त्याचा उजवा हात लोखंडाचा आणि तो तो हात जमिनीवरून ओढत चालतो. गंगू नावाची पोरगी, तिचं डोंगराखालचं गाव, गावाला वरच्या तळ्यातून दगडी पाटानं पाणी येतं. रोज पहाटे खरखऱ्या येतो. गावाच्या घशाला कोरड आणि हा बेटा पाटाचं पाणी आधी खडकावर सांडून देतो. मग थोडा वेळ गावाला सोडतो. मग लोखंडी हातानं पाट बंद. एका पहाटे गंगू सगळ्यांच्या आधी जाऊन खडकावरचं पाणी भरते. खरखऱ्या अंधारातून हात टाकून तिची घागर फोडतो. दुसऱ्या सकाळी खडकापाशी बकरी मरून पडलेली. गंगू म्हणते, ह्याचा सगळा जोर ह्या हातात आहे. हा निजला की हात पळवायचा. तिथं पहिला भाग संपला.

सोमवारी संध्याकाळी चक्कीवर तिनं तो भाग गल्लीतल्या पोरांना वाचून दाखवला. मंडळातली पोरं स्वतः वाचायची, ही मात्र मराठी बोलणारी, पण वाचताना अडखळणारी. एकाचाही हात पट्ट्याकडं गेला नाही. चतुराबाई खुशीत झोपली.

मंगळवारी पहाटे यादगिरी पाणी सोडून कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा प्यायला बसला. चावी बाहेर भिंतीला टेकवलेली होती. चहा पिऊन बाहेर येतो तर चावी नाही.

गल्लीभर शोध झाला. चावी मिळेना. यादगिरी रोजंदारीवरचा माणूस. वरचा सुपरवायझर स्कूटरवरून आला आणि चारचौघांत सांगून गेला की सोमवारी सकाळी आठपर्यंत चावी जाग्यावर नसली तर ह्या माणसाचं नाव हजेरीतून काटतो, भंगारात विकली असणार ह्यानं. गल्लीत त्याच्या बाजूनं कोणी बोललं नाही, कारण पाणी लवकर बंद करतो आणि वर गटारात सांडतो म्हणून सगळ्यांचाच त्याच्यावर राग होता.

चावी कोणी नेली हे चतुराबाईला ऐकताक्षणी कळलं. हेच तिला खात होतं.

बुधवारी मृण्मयी गेल्यावर संध्याकाळी पोरं आली तशी तिनं सरळ विचारलं. "चावी कुठंय रं?"

"कोनती चावी, मावशी?" नऊ वर्षांची शिल्पा म्हणाली. टोळीची म्होरकी तीच. तिच्या फ्रॉकवर पुढून तांबूस गंजाचा पट्टा होता.

"फ्रॉकाला काय लागलं?"

"टोमॅटो."

बाकीची पाचही पोरं छताकडं बघत होती. चतुराबाईनं दटावून पाहिलं, आयांना सांगते म्हणाली. ढिम्म. सहा पोरांची सहा तोंडं, पण कुलूप एकच. आणि आयांना सांगून तरी काय व्हायचं होतं? फ्रॉकवरचा डाग दाखवून कोणाच्या पोरीला चोर म्हणायचं? मार खाऊनही ही पोरं बोलली नसती. राक्षसाचा हात पळवलाय त्यांनी. गंगूनं जे ठरवलं ते त्यांनी करून दाखवलं. ही आता गाव वाचवणारी माणसं होती. आणि त्यांना ह्या कामाला लावलं कोणी, तर आपणच.

मग तिनं मृण्मयीचं ऐकून पाहिलं.

"आयका," ती म्हणाली. "खरखऱ्या वाईट नाय. त्यो चांगलाय. गंगूला उगंच वाटलं."

शिल्पानं तिच्याकडं असं बघितलं, जसं मास्तर खोटं बोलताना पोरं बघतात. "झूठ. कुणीतरी ओरडलं तुम्हाला, मनून असं बोलू लालेत."

"नाय गं. त्याला कुनी दोस्त नाय. एकला ऱ्हातो डोंगरात. मनून तसं करतो."

हे तिनं पहिल्यापासून ठरवून ठेवलेलं कारण होतं. लिहिताना तिला ते फार नाजूक वाटलं होतं.

"दोस्त नाय तर मंग बकरी कामून मारला?" आठ वर्षांच्या युवराजनं विचारलं. "आन् घागर कामून फोडला? दोस्त पायजे तर घागर फोडतेत का?"

चतुराबाईनं उगाच गव्हात हात घातला. पोरांचे हात पट्ट्याकडं सरकायला लागले. तिनं घाईनं मोटार बंद केली, डबे ज्याच्या त्याच्या हातात दिले आणि पोरांना हाकलून लावलं.

त्या रात्री तिला झोप आली नाही. उकाडा होता, पण उकाड्यानं नव्हे. युवराजनं तिला जिथं धरलं तिथं तिची गोष्ट खरोखर फाटलेली होती. पोरांना भीती वाटावी म्हणून तिनं राक्षसाला कामं दिली होती आणि दया यावी म्हणून कारण दिलं होतं, आणि त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. कामं एकाची, कारण दुसऱ्याचं. एकटा आहे म्हणून घागर फोडतो, हे कोणतं पोर मान्य करील? घागर फोडणं भयाण दिसलं पाहिजे आणि कारण कळल्यावर तेच घागर फोडणं बरोबर वाटलं पाहिजे. काम बदलायचं नाही. पहिला भाग तर छापून वाटून झालाय, बदलायचं म्हटलं तरी बदलता येत नाही. बदलायचं ते फक्त बघणाऱ्याचं उभं राहायचं ठिकाण.

पण कारण कुठून आणायचं? इतकी वर्षं ती खिडकीतून यादगिरीला पाणी गटारात सोडताना बघत होती. तो ते का करतो हे तिनं कधी विचारलं नव्हतं. खरं तर तिलाही तो चिडक्या डोक्याचा, पाणी वाया घालवणारा माणूसच वाटत होता. मग तिच्या राक्षसाला धड कारण येणार कुठून?

गुरुवारी पहाटे पाण्याची पाळी होती. यादगिरीनं शेजारच्या गल्लीच्या लाइनमनची चावी मागून आणली होती आणि ती खांद्यावर घेतली होती, परकी म्हणून. चतुराबाई रिकामी घागर घेऊन त्याच्यामागं चालायला लागली.

"क्या होना अम्मा? पानी आधे घंटे में आता," तो न वळता म्हणाला.

"पानी नक्को. एक बात पुच्छने की है. पहले पानी मोरी में कायकू छोडते?"

तो थांबला. बहुतेक इतक्या वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. शिव्या दिल्या होत्या, विचारलं नव्हतं.

तो आधी गल्लीच्या उताराच्या टोकाला गेला. लोखंडी झाकण काढलं, खाली वाकून तिथला छोटा व्हॉल्व्ह उघडून ठेवला. त्याचं तोंड गटारात निघत होतं. मग वर येऊन मोठ्या व्हॉल्व्हला चावी लावली आणि एक फेरा दिला. थांबला. दुसरा फेरा. थांबला.

"एकदम नई खोलना?"

"एकदम खोले तो पाइप फटता. बुड्ढा पाइप है, मेरे सरीखा." तो फेरे मोजत होता, तोंडातल्या तोंडात, तेलुगूत. बावीस झाले तसा तिला घेऊन पुन्हा उताराच्या टोकाला आला. गटारात पाणी पडायला लागलं होतं. त्यानं ओंजळीत घेतलं आणि सरळ तिच्या नाकापुढं धरलं.

चतुराबाई दोन पावलं मागं सरली. तोंडाला पदर लावला.

मग त्यानं सांगितलं. पाणी नसतं तेव्हा दीड दिवस पाइप रिकामा. शेजारून गटार वाहतं. पाइपाचे जोड झिजलेले. रिकामा पाइप बाहेरची घाण आत ओढतो. नवं पाणी आलं की ती सगळी घाण पुढं ढकलत येतं. पहिली दहा मिनिटं तेच. ते सोडून दिलं नाही तर गल्लीतली लेकरं दवाखान्यात. आणि वेळेवर बंद नाही केलं तर उताराखालची घरं सगळं ओढून घेतात, वरच्यांना थेंब नाही. मग वरची गल्ली त्याला शिव्या देते. वेळेवर बंद केलं की खालची देते.

"तो लोगां को बोलते कायकू नई?"

यादगिरीनं तंबाखू थुंकली. "कित्तों को बोलना अम्मा? मैं पानी छोडना कि भाषण देना?" आणि पुढं तेलुगूत एक शिवी घातली. ती पाइपाला होती, गल्लीला होती की तिला, हे चतुराबाईला कळलं नाही. गोड बोलायचं त्याच्या अंगातच नव्हतं.

त्याच्या चावीबद्दल ती बोलली नाही. तोंडापर्यंत आलं होतं. पोरांची नावं सांगितली तर चावी मिळाली असती, पण उद्या ह्याच पोरांनी त्याला दगड मारले असते आणि लपवण्यात आणखी हुशार झाली असती. तिनं स्वतःला दिलेलं हे कारण पुरतं खरं नव्हतं. आपण तुझा राक्षस केलाय हे त्या माणसाला सांगायची तिला लाज वाटत होती.

घरी येऊन तिनं चक्कीचं दार उघडलंच नाही. हिम्मतराव म्हणाले, "आज चक्की बंद कामून?"

"राक्षस बिघडलाय."

"वायंडिंग जळालं का?" एवढं विचारून त्यांनी पेपर वर केला.

तिनं पेन्सिल घेतली आणि पहिला भाग समोर ठेवून एकेका वाक्याखाली रेघ मारत गेली. खडकावर सांडलेलं पाणी. आता ते घाण पाणी. फोडलेली घागर. गंगूनं तीच घाण भरून घेतली होती, म्हणून फोडली. त्यानं गंगूला बोट लावलं नव्हतं, घागरीवरच हात टाकला होता. पाट बंद करणं, तेही वरच्या आळीसाठी. राहता राहिली बकरी. बकरी तिनं निव्वळ घाबरवायला मारली होती. कशानं मेली याचा विचारही केला नव्हता. आता वाचताना तिला दिसलं की बकरी खडकापाशी मेली, आणि अंगावर जखम आहे असं तिनं कुठंच लिहिलेलं नाही. नशीब म्हणायचं. एखादा ओरखडा जरी लिहिला असता तरी आता राक्षस वाचला नसता. बकरी तेच पाणी पिऊन मेली होती.

मग तिनं दुसरा भाग लिहायला घेतला. लग्नपत्रिकांच्या पाठीवर, खोडत, फाडत.

पहिल्यांदा तिनं एक म्हातारा साधू आणला. तो गंगूला सगळं समजावून सांगतो. लिहून झाल्यावर तिला शिल्पाचं तोंड दिसलं. झूठ. साधू फाडला. मोठ्या माणसानं सांगितलेलं चांगुलपण पोरांच्या लेखी औषधाच्या गोळीसारखं, जिभेखाली धरतील आणि मागं जाऊन थुंकतील. गंगूनंच हुडकायला पाहिजे, आणि हुडकायचं ते हातानं, नाकानं.

दुसऱ्यांदा तिनं खरखऱ्याला बोलायला लावलं. माझं ऐका रे, मी तुमच्यासाठी करतो. तेही फाडलं. त्याला बोलता येत असतं तर एवढा घोटाळा झालाच नसता. गैरसमज टिकायला दोन्हीकडून अडसर पाहिजे. गाव विचारत नाही आणि ह्याला सांगायची रीत नाही. त्याच्या गळ्यातून फक्त खर्र निघतं.

तिसऱ्यांदा जमायला लागलं. गंगू रात्री जाऊन लोखंडी हात पळवते. जड असतो, चार पोरं लागतात. दुसऱ्या पहाटे आवाज नाही. पाट मोकळा. गाव नाचतं, घागरी भरतं, पितं. दुपारपर्यंत अर्धं गाव पोट धरून आडवं. गंगूचा धाकटा भाऊही. वरच्या आळीला तर थेंबच नाही. गाव म्हणतं, हा खरखऱ्याचाच शाप. सगळे दगड घेऊन निघतात, सगळ्यांत पुढं गंगू. आणि तिथं खरखऱ्या एका हाताचा, पाटाच्या तोंडात स्वतःच आडवा पडलेला, पाठीनं पाणी अडवून. दगड पडतायत. पहिला दगड गंगूचा.

तो दगड लिहायचा का, यावर ती दुपारभर घोटाळली. नायिकेनं दगड मारावा? पण तिच्या पोत्यांवर बसलेल्या सहा पोरांनी जे केलं होतं ते गंगूनं केलं नाही, तर ती पोरं गंगूच्या मागं कशी येतील? स्वच्छ हातांची गंगू त्यांना सुनावणारी ताई झाली असती. तिनं दगड ठेवला. वर गंगूला कोणी रागावलं नाही, हेही बघितलं.

दुसरा दगड उचलायला गंगू वाकते तर तिच्या हाताला तिच्याच घागरीचं खापर लागतं. आतून काळं, बुळबुळीत. ती हुंगते. मग खडकापर्यंत गेलेली बकरीची पावलं बघते. तिथून परत आलेली पावलं नसतात. राक्षसाची पावलं तर खडकाच्या ह्या बाजूला आलेलीच नसतात. ती खापर टाकून देते. मागं फिरते आणि लोखंडी हात ओढत आणायला लागते.

आता तो हसेल का? चतुराबाईनं त्याला हसू दिलं नाही. तो दात विचकतो. तरी गंगू हात त्याच्यापुढं टाकते. तो तो हिसकावून घेतो, तिच्याकडं बघतही नाही, पाणी खडकावर सोडतो आणि उभा राहतो, घाण वाहून जाईस्तोवर. गंगूही लांब उभी राहते. वास येतो, त्याचाही आणि पाण्याचाही. दात तेवढेच होते, वास तेवढाच होता. तो माया लावण्याजोगा झाला असता तर ते पोरांनी दुसऱ्या दिवशी पाळलेलं कुत्रं झालं असतं. चतुराबाईला ते नको होतं. ज्याची भीती वाटते तोही आपल्या भल्याचं काहीतरी करत असेल, एवढंच तिला हवं होतं.

तीन भागांची गोष्ट दोनांतच संपली होती. तिसऱ्या रविवारपर्यंत थांबायला यादगिरीकडं वेळ नव्हता.

शुक्रवारी मृण्मयी आली, पोत्यावर बसून कागद वाचले. वाचताना एकदा तिनं नाकाला रुमाल लावला. चतुराबाई पट्ट्याकडं बघावं तशी तिच्या हाताकडं बघत होती.

"काकू, दात कमी केले नाहीतच तुम्ही."

"न्हाई."

"राहू द्या." तिनं पेन काढलं. "पण हे शेवटचं वाक्य मी काढते. 'गंगूला कळलं, खरखऱ्या वाईट नव्हता.' ह्याची गरज नाही. ती तिथं उभी आहे ना लांब, वास घेत. तेवढंच पुरे."

चतुराबाईला राग आला. दिवसभर घासून तिनं ते वाक्य बसवलं होतं. मग तिनं ते बोटानं झाकून पुन्हा वाचलं. पोरगी बरोबर बोलत होती. सगळे साधू फाडले आणि हा एक शेवटी लपून बसला होता.

"काढ," ती म्हणाली. "आन् च्या पिऊन जा."

शनिवारी संध्याकाळी तिनं मोटार बंद ठेवून भाग वाचला. घागरी भरून गाव नाचतं तिथं शिल्पानं टाळी वाजवली. भाऊ आजारी पडतो तिथं युवराज हळूच म्हणाला, "पानी खराब होतं." शिल्पानं त्याला कोपर मारलं. "चूप. वाचू दे." पण थोड्या वेळानं तिचंही तोंड बारीक झालं. बकरीच्या पावलांपाशी युवराज मोठ्यांदा ओरडला, "मैं बोल्या था! बकरी त्यानं नाय मारला!" शेवट झाला. चतुराबाईनं कागद खाली ठेवले आणि वाट बघितली.

पोरं उठली. डबे उचलले. एकानंही तिच्याकडं बघितलं नाही. "जातो, मावशी," म्हणून निघून गेली.

रविवारचा अख्खा दिवस ती दारातून आत, आतून दारात करत राहिली. गल्लीत जुनं घर पाडून अपार्टमेंट उठत होतं, त्याच्या वाळूच्या ढिगापाशी पोरं दोनदा जमली आणि दोनदा पांगली. भांडत होती. शिल्पा हातवारे करत होती. चतुराबाई गेली नाही. एकदा चप्पल पायात घातली, काढली. हिम्मतराव म्हणाले, "एका जाग्यावर बस की. मला बघून चक्कर याय लाली."

सोमवारी पहाटे ती चारलाच खिडकीत होती. आधी काहीच नाही. मग गल्लीच्या तोंडाकडून नव्हे, वाळूच्या ढिगाकडून आवाज आला. खर्र. थांब. खर्र. मधेच धप्प पडल्याचा आवाज, कुणाचं तरी कण्हणं आणि "पायावर टाकला, येड्या!" अशी दबक्या आवाजातली शिवी.

सहा पोरं चावी ओढत व्हॉल्व्हच्या झाकणापाशी आली आणि तिथं टाकून चार पावलं मागं सरली. यादगिरी उसनी चावी खांद्यावर घेऊन येत होता. त्यानं चावी बघितली, पोरं बघितली, आणि त्याचा जो भडका उडाला तो अर्ध्या गल्लीनं अंथरुणात ऐकला. त्यानं तेलुगूत त्यांच्या आज्या-पणज्यांपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला, चप्पल हातात घेतली. पोरं पळाली. सगळी नाही. शिल्पा खांबामागं थांबली. तिच्या गुडघ्याला खरचटलं होतं.

यादगिरीनं आपली चावी उचलली, दांडीवर हात फिरवून वाळू झाडली. उताराच्या टोकाला जाऊन झाकण काढलं, वर येऊन फेरे दिले. गटारात पाणी पडायला लागलं तशी शिल्पा हळूहळू खाली गेली, वाकली आणि तिनं नाक पुढं केलं.

"छी!" ती म्हणाली आणि ओकारी आल्यासारखं करत मागं सरली.

"हट्!" यादगिरी ओरडला. "जा घर को!"

ती चार पावलं गेली. घरी गेली नाही.

चतुराबाई खिडकीतून बाजूला झाली. सुपरवायझर आठला यायचा होता, त्याला आता चावी दिसणार होती. यादगिरीला मात्र ती कशासाठी गेली आणि कशानं आली हे कधी कळणार नव्हतं. सांगावं का हे तिनं पुन्हा एकदा मनात उलटून पालटून पाहिलं आणि तसंच ठेवलं. बरं वाटत होतं असंही नाही. दुसऱ्याचा आवाज न विचारता उचललेला, तो छातीत कुठंतरी घासत होता.

त्या सोमवारी दळणाला सुट्टी. दर पंधरवड्याच्या सोमवारी चक्कीच्या दगडांना टाकी लावायची, नाहीतर पीठ गरम निघतं. तिनं पट्टा उतरवला, हिम्मतरावांना हाक मारून वरचा दगड उलटा करून घेतला, डोळ्यांवर चष्मा चढवला, टोकदार हातोडी घेतली आणि गुळगुळीत झालेल्या खाचा एकेक करून उकरायला बसली. टक्, टक्, टक्. दारात शेजारची भामाबाई ज्वारीचा डबा घेऊन उभी राहिली.

"आज नाय," चतुराबाई मान वर न करता म्हणाली. "उद्या आन. आन् निवडून आन, मागल्या खेपेला खडे होते."